तीनशे पाहुण्यांना साठ लिटर पाणी?

«दिवसभराच्या कार्यक्रमाला ३०० पाहुणे असतील तर माणशी २०० मिलीची एक पाण्याची बाटली, दोन चहा आणि एक कोल्ड्रिंक पुरतं. चहा-कोल्ड्रिंकमध्येही पाणीच असतं. जास्त पाणी ठेवलं की लोक अर्ध्या बाटल्या टाकून देतात. तहान लागली की पाहुणे मागतातच, तेव्हा जार मागवता येतो. उन्हात कोल्ड्रिंकने ताकदही येते.»

हा मेसेज मावशीने मला परवा रात्री पाठवला. खाली लिहिलं होतं, “अगं, बरं झालं हे मिळालं, मी याच हिशेबाने सांगून टाकलंय.” तिच्या मुलीचं लग्न एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आहे. गंगापूर रोडच्या पुढे एक लॉन घेतलंय, सकाळी दहा ते संध्याकाळी सात, डोक्यावर कापडी मांडव. गेली अनेक वर्षं मी नाशिकमध्ये केटरिंगचं काम बघते. हाच मेसेज याआधी दोन यजमानांनी माझ्यासमोर धरला होता आणि दोन्ही वेळा मी बोलून विषय संपवला. आता तो घरातच आलाय, म्हणून लिहून ठेवते.

आधी बेरीज करू. ३०० माणसं, प्रत्येकी २०० मिली, म्हणजे ६० लिटर पाणी. वीस लिटरचे तीन जार. चहाचा कप ८० मिलीचा धरला तर दोन कपांचे १६० मिली, आणि कोल्ड्रिंक २०० मिली. सगळं मिळून माणशी ५६० मिली. एप्रिलमध्ये नाशिकला दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असतो. त्या हवेत नऊ तासांसाठी अर्ध्या लिटरपेक्षा जेमतेम थोडं जास्त. आपत्तीत विस्थापित झालेल्या लोकांसाठी ‘स्फिअर’ नावाची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. जगण्यापुरतं पिण्याचं आणि खाण्यातलं पाणी म्हणून त्यात माणशी दिवसाला अडीच ते तीन लिटर धरलंय, आणि हवा गरम असेल तर गरज वाढते असंही म्हटलंय. छावणीतल्या माणसाला जे किमान मिळायला हवं, त्याच्या जवळपासही हा लग्नाचा हिशेब जात नाही.

मी हिशेब माणसांवर करत नाही, माणूस-तासांवर करते, कारण तीनशेच्या तीनशे लोक दिवसभर बसत नाहीत. मावशीकडे सकाळी दहा ते एक साधारण १५० लोक असतील, म्हणजे ४५० तास. एक ते चार ही जेवणाची वेळ, तेव्हा पूर्ण ३००, म्हणजे ९०० तास. चार ते सात परत १५०, आणखी ४५०. एकूण १८०० तास. सावलीत बसलेल्या माणसाला तासाला एक मोठा पेला, २५० मिली, एवढं मी धरते. झाले ४५० लिटर. मेसेजमधल्या पाण्याच्या साडेसातपट.

यात वाढपी, आचारी, मांडववाले, वाजंत्री आणि गाड्यांचे ड्रायव्हर धरलेलेच नाहीत. मावशीकडे अशी चाळीस माणसं असतील. ती पाहुण्यांसारखी सावलीत बसत नाहीत, आचारी तर भट्टीसमोर उभे असतात. त्यांना मी माणशी चार लिटर धरते, म्हणजे १६० लिटर, आठ जार. असे मेसेज लिहिणाऱ्यांना ही माणसं कधी दिसतच नाहीत याचा मला मनापासून राग येतो. पाणी संपलं की सगळ्यांत आधी त्यांचं बंद होतं.

आता सगळ्यांत घातक वाक्य: तहान लागली की मागतातच. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या उष्णतेच्या लाटेसाठीच्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे की तहान लागलेली नसली तरी पुरेसं पाणी वारंवार प्यावं. वय वाढलं की तहानेची जाणीव कमी होते आणि लग्नात पहिल्या दोन रांगा वयस्कर मंडळींच्याच असतात. त्यात नाशिकची हवा उन्हाळ्यात कोरडी. घाम येतो तसा लगेच वाळतो. मुंबईकडचे पाहुणे तर दर वेळी म्हणतात, तुमच्याकडे घाम येत नाही हो. येतो, फक्त सदरा भिजत नाही, म्हणून कळत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या एका हळदीचं सांगते. यजमानांनी पाणी स्वतः मागवलं होतं, आमच्याकडे फक्त जेवण होतं. अडीच वाजता पाण्याच्या टेबलापाशी एक मुलगा जार दोन्ही हातांनी उलटा करून शेवटचा पेला भरत होता, मागे वीस-पंचवीस लोक रिकामे पेले घेऊन उभे. मांडवाच्या कडेला एक आजोबा खुर्चीत बसले होते. ऊन सरकून त्यांच्या पायांवर आलं होतं, तरी ते हलले नव्हते. जवळ गेले तर ओठ कोरडे पडलेले, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. “पाणी हवंय का?” असं विचारलं तर म्हणाले, “नको, रांग आहे.” सावलीत नेलं, ओल्या पंचाने मान पुसली, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घोट घोट दिलं, तेव्हा वीस मिनिटांनी नीट बोलू लागले. असा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग तापून त्याची शुद्ध हरपत असेल, तर पाणी पाजत बसायचं नाही, अंग गार करत थेट दवाखाना गाठायचा. त्या आजोबांनी पाणी मागितलं नव्हतं, आणि विचारल्यावरही नकोच म्हणाले होते.

न मागण्याचं आणखी एक कारण आहे, ते पुरुषांच्या लक्षात येत नाही. लॉनवर बायकांसाठी दोनच संडास असले आणि त्यात पाणी नसलं, की बायका सकाळपासून पाणी पिणं टाळतात. नऊवारी नेसलेल्या बाईला तर ते आणखी अवघड. म्हणून पाण्याचा हिशेब करताना मी लॉनवाल्याला संडास किती आणि तिथल्या टाकीत पाणी किती हे आधी विचारते. ते नीट नसेल तर जार भरलेले राहतात आणि बायकांची डोकी मात्र चढतात.

आणि ‘तेव्हा मागवता येतो’ हेही खोटं. दाट मुहूर्ताच्या दिवशी जारवाल्याच्या गाड्या सकाळी भरून निघतात. दुपारी दोनला फोन केला तर तो चारशिवाय येत नाही, त्याचाही दोष नाही.

अर्ध्या बाटल्या टाकतात, हे मात्र मान्य करावं लागेल. अर्धा लिटरची बाटली वाटली की निम्म्या बाटल्या खुर्चीखाली सापडतात, मी स्वतः गोळा केल्यात. पण त्यावर उपाय पाणी कमी करणं हा नाही. बाटली छोटी ठेवायची आणि बाकीचं पाणी जारमधून द्यायचं. मावशीसाठी मी असं धरलंय: २०० मिलीच्या ६०० बाटल्या, एक आल्यावर हातात आणि एक जेवताना पानाशेजारी. हे झाले १२० लिटर. उरलेल्या ३३० लिटरला १७ जार, काम करणाऱ्यांचे ८, आणि हाताशी ५. एकूण ३० जार. सील न तोडलेले जार परत घेणार का, हे जारवाल्याशी आधीच ठरवायचं. बहुतेक जण घेतात. म्हणजे जास्त मागवल्याचं नुकसान जवळपास होतच नाही.

जार जनरेटरशेजारी किंवा उन्हात रचायचे नाहीत. पाण्याची टेबलं चार कोपऱ्यांत चार लावायची, एकाच जागी गर्दी झाली की म्हातारी माणसं उठत नाहीत. बर्फ बाटल्यांच्या बाहेरून लावायचा, पेल्यात टाकायचा नाही. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, तेव्हा लादी निळसर दिसली तर ती फक्त थंड करायला. आणि एका पोराला जार उघडल्याची वेळ कागदावर लिहायला बसवायचं. जेवणाच्या वेळी साधारण पंधरा मिनिटांना एक जार जातो. दहा मिनिटांना जायला लागला, तर राखीव जार संपायची वाट न बघता तेव्हाच फोन करायचा.

चहातही पाणी असतं, हे खरं. चहाने अंगातलं पाणी उलट कमीच होतं असं मीही म्हणणार नाही. पण ८० मिलीचा गोड उकळता चहा दुपारी दीडला कुणी तहानेसाठी घेत नाही. गंमत म्हणजे मेसेजमध्ये चहा गरजेपेक्षा जास्त धरलाय. सहाशे कप म्हणजे ४८ लिटर. मावशीकडे सकाळी दीडशे, चारला दीडशे आणि कामाच्या माणसांना दोनदा चाळीस, असे ३८० कप होतात. लिटरला बारा कप, म्हणजे ३२ लिटर पुरे. तोही एकदम करून ठेवायचा नाही, थर्मासमध्ये तासाभरात कडू होतो. आणि चारच्या चहाचं दूध सकाळपासून बर्फात हवं, नाहीतर फाटलंच म्हणून समजा.

कोल्ड्रिंकने ताकद येते याबद्दल एवढंच. २०० मिली कोलात साधारण २१ ग्रॅम साखर असते, चार-पाच चमचे. आमच्या घरात चार मधुमेही आहेत आणि चौघेही या लग्नाला येणार आहेत. वर सांगितलेल्या त्याच सरकारी सूचनांमध्ये उन्हात कोल्ड्रिंक टाळा आणि ताक, लस्सी, लिंबूपाणी, ओआरएस घ्या असं लिहिलंय. मुलांसाठी आणि हौसेसाठी शंभर-दीडशे छोट्या बाटल्या ठेवा, माझी हरकत नाही. दोन लिटरची मोठी बाटली नको, उघडली की अर्ध्या तासात गॅस जातो आणि उरलेलं ओतून द्यावं लागतं. जेवणात मठ्ठा ठेवा, माणशी २०० मिली धरून ६० लिटर, मीठ नीट घातलेला आणि बर्फाच्या टपात ठेवलेला.

काल सकाळी मावशीला फोन केला. तिचा पहिला प्रश्न खर्चाचा होता. कोल्ड्रिंक निम्म्यावर आणलं आणि चहा सोळा लिटरने कमी केला, ते पैसे जारांकडे वळवले, असं तिला आकड्यांनिशी सांगितलं. तिने जारवाल्याला तीस सांगितलेत. संडासाच्या टाकीचं लॉनवाल्याला विचारायचं काम काकांकडे दिलंय, रविवारी मी स्वतः जाऊन बघणार आहे.