चांदीच्या घटातून AgCl चा विद्राव्यता गुणाकार निघतो

“दोन्हीकडे चांदीच, म्हणून E° शून्य. AgCl तर विरघळतच नाही, मग Ksp कसला काढता? मीटरवर दिसतो तो गळतीचा आकडा. सॉल्ट ब्रिज KCl चा लावा की KNO3 चा, फरक पडत नाही.” निपाणी-खानापूरकडच्या सेकंड पीयूच्या वह्यांतून हे फिरते आहे.

E° शून्य असणे ही या घटाची सोय आहे. प्रमाण विभव वजाबाकीत उडतो आणि उरलेला व्होल्टेज केवळ दोन्हीकडच्या चांदीच्या आयनांच्या तफावतीचा असतो. 25 अंशांना दर दहापट फरकामागे 59.2 मिलिव्होल्ट.

AgCl विरघळते, पण फार थोडे, आणि हा घट लॉगरिदमने मोजत असल्याने ते थोडेच इथे स्पष्ट दिसते. एका चंचुपात्रात 0.1 M AgNO3 घ्या, दुसऱ्यात 0.1 M KCl घेऊन त्यात AgNO3 चे दोन थेंब टाका, म्हणजे द्रावण दुधाळ होईल. दोन्हींत चांदीची तार बुडवून मीटर लावला आणि 0.444 व्होल्ट आले, असे धरू. 0.444 ला 0.0592 ने भागल्यास 7.5 येतात, म्हणजे एकीकडे चांदीचे आयन दुसरीकडच्यापेक्षा सुमारे 3 कोटी 16 लाख पट आहेत. त्यामुळे KCl कडची संहती 3.2 × 10⁻⁹ आणि तिला 0.1 ने गुणून Ksp 3.2 × 10⁻¹⁰.

पुस्तकात 1.8 × 10⁻¹⁰ असते, हे खरे. मात्र इथे दोष घटाचा नाही: आपण सक्रियतेऐवजी संहती वापरली. 0.1 M ला AgNO3 चा सक्रियता गुणांक 0.734 आणि KCl चा 0.770, दोन्हींनी गुणले की 1.8 × 10⁻¹⁰ च येते. (पीयूच्या गणितांत हे गुणांक सहसा 1 धरतात, म्हणून घोळ होतो.)

गळतीची शंका असेल तर KCl दहापट पातळ करून पाहावे. क्लोराइड कमी झाले की चांदीचे आयन वाढतात आणि आकडा सुमारे 55 मिलिव्होल्टने उतरतो. गळतीच्या आकड्याला क्लोराइडशी असे बांधून राहण्याचे कारण नाही.

पुलाबाबत मात्र मी स्वतः फसलो आहे. डॅनियल घटाच्या प्रयोगातून उरलेली KCl-आगरची नळी मी तशीच लावली. KCl च्या पात्रात तिचे फारसे काही बिघडले नसते, पण AgNO3 कडच्या टोकाशी पांढरा धूर उतरल्यासारखा साका दिसू लागला आणि दहा मिनिटांत आकडा 15 मिलिव्होल्टने घसरला. एका मिलिव्होल्टला Ksp सुमारे 4 टक्के बदलतो, तेव्हा 15 ला तो 1.8 पट फुगतो. KNO3 ची नळी बसवून ताज्या द्रावणांनी पुन्हा मोजल्यावर आकडा स्थिर राहिला.