'गैरसोयीबद्दल दिलगीर' हा मेसेज मी पुन्हा लिहिला

मंगळवारी दुपारी आत्ती कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलात उभी होती. मामांच्या गोळ्यांचे ८४० रुपये यूपीआयने दिले. खात्यातून कापले गेले, दुकानदाराला पोचले नाहीत. तिच्या बँकेची सेवाच बंद पडली होती. पर्समध्ये रोख दोनशे. तासभर थांबली आणि तेवढ्यात बसतील त्याच गोळ्या घेऊन केएमटीच्या बसने घरी आली.

आज सकाळी बँकेचा मेसेज आला: "तांत्रिक त्रुटीमुळे सेवा काही काळ खंडित झाली होती. गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत."

झाली असल्यास? माझं डोकंच फिरलं. पैसे कापलेले तुम्हाला तुमच्या लॉगमध्ये दिसतात, आणि विचारता झाली असल्यास?

संस्थांची पत्रं आणि निवेदनं लिहिण्यात माझी वीस वर्षं गेली. असा मेसेज कसा तयार होतो ते मला पाठ आहे. कुणीतरी सरळ माफी लिहितो, वकील लाल पेन चालवतात आणि शेवटी बिनकर्त्याचं वाक्य उरतं. 'सेवा खंडित झाली.' जणू पंचगंगेला पूर आला!

वकिलांचं एक खरं आहे, हे कबूल करते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००६ पासून कायदा आहे, तिथे माफी मागितली म्हणून ती दोषाची कबुली धरत नाहीत. आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही. लिहिलेलं वाक्य उद्या ग्राहक आयोगासमोर येऊ शकतं.

पण मग याच वकिलांनी 'त्रुटी' हा शब्द कसा जाऊ दिला? ग्राहक आयोगाचे मराठी निकाल वाचा. तक्रार सिद्ध झाली की 'सेवेत त्रुटी' असंच लिहितात. म्हणजे सौम्य वाटतो म्हणून घातलेला शब्दच सगळ्यात धोक्याचा, आणि ज्याने आत्तीला बरं वाटलं असतं तेवढं सगळं कापलेलं. यांनी ना ग्राहक सांभाळला, ना संस्था.

म्हणून मीच लिहून बघितलं. वेळा माझ्या अंदाजाच्या आहेत, त्यांनी लॉग बघून भराव्यात:

"मंगळवारी सकाळी ११.०५ ते दुपारी २.२० आमची यूपीआय सेवा बंद होती. या वेळेत काही खातेदारांचे पैसे खात्यातून गेले, पण दुकानदाराला पोचले नाहीत. ऐन गरजेच्या वेळी तुम्हाला ताटकळावं लागलं, याबद्दल आम्ही तुमची माफी मागतो. दुकानात अडकलेली रक्कम रविवारपर्यंत खात्यात परत येईल, त्यासाठी अर्ज करावा लागणार नाही. त्यानंतर उशीर झाल्यास नियमाप्रमाणे रोजचे १०० रुपये आम्ही स्वतःहून जमा करू. सेवा कशामुळे बंद पडली याची तपासणी सुरू आहे, निष्कर्ष शुक्रवारी कळवू."

यात 'आमची सेवा बंद होती' आहे. ती घडलेली गोष्ट आहे, सगळ्या गावाने पाहिलेली, ती लपवून काय वाचतं? ती का बंद पडली ते मात्र लिहिलेलं नाही, कारण तपासणी संपेपर्यंत ते कुणालाच ठाऊक नसतं. 'आमच्या हलगर्जीपणामुळे' लिहिलं तर ती कारणाची आणि दोषाची कबुली झाली. 'सर्व्हर कंपनीमुळे' लिहिलं तर न तपासता दुसऱ्यावर ढकलणं झालं, आणि खातेदाराचा व्यवहार तर तुमच्याशीच आहे. माफी ताटकळल्याबद्दल आहे. 'नुकसान' शब्द मी मुद्दाम टाळला, कारण त्याच्या मागोमाग भरपाईचा हिशेब येतो. आणि रोजचे १०० रुपये ही काही मेहेरबानी नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात ते आहेच: दुकानदाराला यूपीआयने दिलेले पैसे अडकले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत, पुढे रोज १०० रुपये, ग्राहकाने न मागता. जे नियमाने द्यायचंच आहे ते सांगितल्याने दोष कबूल केल्यासारखं होत नाही.

शुक्रवारी निष्कर्ष आला आणि चूक बँकेचीच निघाली, तर ती सांगायलाच हवी. माहीत नाही तोवर न लिहिणं वेगळं, कळल्यावर दडपणं वेगळं. आणि असा मेसेज लिहिला म्हणून कुणी आयोगात जाणारच नाही, असंही नाही. ज्याचं खरंच मोठं नुकसान झालं तो जाईल, जावंच त्याने.

एका संस्थेत मी असंच लिहून दिलं होतं. तळाशी वकिलांनी ओळ जोडली, 'हे निवेदन म्हणजे जबाबदारीची कबुली नव्हे.' मी भांडून काढायला लावली. वर 'माफी मागतो' आणि खाली ही ओळ, वाचणाऱ्याला शेवटची ओळच लक्षात राहते.

राग आता उतरलाय. ज्याने तो मेसेज टाइप केला तो बिचारा एखादा क्लार्क असेल, मंगळवारी दिवसभर काउंटरवर शिव्या खाल्लेला.

संध्याकाळी आत्तीला दोन्ही मेसेज वाचून दाखवले. पहिल्यावर ती काही बोललीच नाही. दुसरा ऐकून म्हणाली, "म्हंजे ऐतवारपतोर येत्यात व्हय पैसं? मग तसं सांगायचं की गं." आणि राहिलेल्या गोळ्यांची चिठ्ठी माझ्याकडे दिली.