पेरणीची सुट्टी कागदावर नव्हती

एका चर्चागटात एकानं मला विचारलं, “आमच्या वाळूजच्या कंपनीत मृगाचा पाऊस झाला की ऑपरेटरला चार दिवस पेरणीला सोडायचे. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण धा-बारा वर्षं चालू होतं. यंदा नव्या एचआरनं पगार कापला. आता पोरं ओव्हरटाइमला थांबेनात अन् पगारवाढ मागायलेत. कंपनी म्हणते, लिहिलेलं काही आम्ही मोडलंच नाही. तुमच्या जर्मनीत अशा वेळी काय करतात?”

जर्मनीत पैशाच्या बाबतीत याचं उत्तर बरंच स्वच्छ आहे. मालकानं नाताळचा बोनस सलग तीन वर्षं, कसलीही अट न घालता, सगळ्यांना दिला, तर चौथ्या वर्षी तो कामगाराचा हक्क होतो. करारात एक अक्षर नसलं तरी. बंद करायचा तर कामगाराची संमती घ्यावी लागते, नाहीतर कराराच्या अटी बदलण्याची रीतसर आणि अवघड प्रक्रिया करावी लागते. पूर्वी मालक “हे ऐच्छिक आहे” असं तीन वर्षं सांगत राहिला आणि कामगार गप्प राहिला, तर हक्क संपायचा. तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयानं 2009 मध्ये ती पळवाटही बंद केली. सणाच्या दिवशी लवकर सोडण्यासारख्या सवलतींना मात्र कोर्ट इतक्या सहज हक्क मानत नाही. पेरणीची सुट्टी तिथंही अडखळली असती.

त्याच गटात एक तरुण एचआर अधिकारी म्हणाला, “कागदावर नाही ते वचन नाही. भारतात कायदा कंपनीच्या बाजूनं आहे.” त्याचं पहिलं वाक्य कोर्टात काही वेळा टिकेल. दुसरं चूक आहे. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9A नुसार रूढ सवलत काढून घ्यायची किंवा चालत आलेली पद्धत बदलायची, तर कामगारांना 21 दिवसांची नोटीस द्यावी लागत होती. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही नोटीस ठेवली आहे. म्हणजे सवलत काढता येते, पण जूनच्या पगारात गुपचूप कापून नाही. आपल्याकडची चर्चा “परदेशात कायदे कडक, इथं नाहीत” इथंच थांबते, ते मला पटत नाही. कलम आहे. ते कुणी उघडून बघत नाही.

पण जर्मनीचं बघून मला दुसरीही एक गोष्ट वाटते. हक्क होईल या भीतीनं तिथले अनेक मालक दर बोनसच्या पत्रात लिहितात, “ही रक्कम ऐच्छिक आहे, पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही.” पैसे मिळतात, आणि त्याच पत्रात भरवसा ठेवू नका असंही सांगितलेलं असतं. कायदा पैशाची हमी देतो. माणसं एकमेकांसाठी जास्तीचं जे करतात, त्याची हमी कुठलाच कायदा देत नाही, आणि वाळूजमध्ये बिघडलंय ते तेच.

हिशेब मांडून बघू. समजा पगार 18,000 आहे. 26 दिवसांनी भागला की दिवसाचे 692 होतात, चार दिवसांचे 2,768. लाइनवर बारा ऑपरेटर असतील तर कंपनीचे साधारण 33,000 रुपये वाचले. या रकमेच्या बदल्यात ते बारा जण आजवर काय देत होते? मार्चअखेरच्या डिस्पॅचला रविवारी यायचे, बदली माणूस येईपर्यंत मशीन सोडायचे नाहीत, टूल झिजत आलं की माल रिजेक्ट व्हायच्या आधी सांगायचे, नव्या पोराला शिकवायचे. यातलंही काही कागदावर नव्हतं. पेरणीची सुट्टी या सगळ्याची अलिखित किंमत होती. एका बाजूचं मोडलं, म्हणून दुसऱ्या बाजूनंही काढून घेतलं.

कामगार-मालक नात्याच्या अमेरिकी अभ्यासक डेनिस रूसो यांनी 1989 मध्ये ज्यावर बोट ठेवलं ते हेच: असा अलिखित करार कामगाराच्या समजुतीत असतो, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसू शकतो. म्हणून आधी बघायचं ते हे, की नव्या एचआरला ही पद्धत ठाऊक होती का. ठाऊक असून कापला, तर ते वचन फिरवणं आहे. जुना मॅनेजर बदलून गेला आणि कुणी सांगितलंच नाही, तर तो गैरसमज आहे. गैरसमज एका बैठकीत मिटू शकतो, फिरवलेलं वचन मिटत नाही. असल्या वचनांना धोका सर्वात जास्त बदलीच्या वेळी असतो, कारण ती कंपनीच्या नव्हे, एका माणसाच्या डोक्यात असतात.

गटातले एक निवृत्त सुपरवायझर म्हणाले ते सगळ्यांनी नीट वाचावं. “पोरं पगारवाढ मागतात म्हणजे पगाराचं दुखतंय असं समजू नका. पेरणीचं तोंडानं मागायला त्यांना लाज वाटते, ते हक्काचं नव्हतं ना. पगाराचं मागता येतं.” अमेरिकेत 1950 च्या सुमारास एका जिप्समच्या खाण-कारखान्यात हेच घडलं होतं. नव्या मॅनेजरनं जुन्या ढिलाया बंद केल्या, संप झाला, आणि मागणी मांडली गेली पगाराची. अल्विन गोल्डनर या समाजशास्त्रज्ञानं तो जवळून अभ्यासला. ढिलाई हक्क म्हणून मागता येत नाही, म्हणून राग मागता येईल अशा गोष्टीवर गेला, असं त्याला दिसलं. सुपरवायझरांनी हे पुस्तकात वाचलेलं नाही. तरी त्यांनी नेमकं ओळखलं.

आणखी खुणाही ते सांगतात. आधी माणसं बोलायची थांबतात: टूलबद्दल सांगणं बंद, सूचना बंद. मग घंटेच्या ठोक्याला हात थांबतो. भांडण अजून होत असेल तर सुधारायला वाव आहे. शांतता पसरली की चांगले ऑपरेटर दुसरीकडं अर्ज टाकायला लागलेले असतात.

मग करायचं काय? कापलेले चार दिवस शिल्लक रजेत वळते करून पैसे परत द्या, आणि ते का केलं हे लाइनवर उभं राहून सांगा. पुढच्या वर्षासाठी पद्धत लिहून काढा, पण शेतीच्या वेळापत्रकानं. सात दिवस आधी तारीख टाकून अर्ज, ही अट इथं चालत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभागच सांगतो, आणि वापसा कधी येईल हे ऑपरेटरला तरी कुठं ठाऊक असतं? बारापैकी एका वेळी तिघे, आदल्या संध्याकाळी सुपरवायझरला फोन, पाळीपाळीनं, आणि त्याबदल्यात मार्चचे दोन रविवार: एवढं एका पानात मावतं. लिहिलं की थोडा ओलावा जाईल, हे मला मान्य आहे. पण पुढचा मॅनेजर आला तरी ते पान राहील.

लातूरकडच्या विनाअनुदानित शाळेतल्या एका शिक्षकानं मध्येच लिहिलं, “आम्ही अनुदानाच्या आशेवर किती वर्षं काढली, त्याचं काय?” त्यांचं दुःख खरं आहे, पण गाठ वेगळी आहे. आशा संस्थेनं लावली, पैसे सरकारचे. वचन देणारा आणि पाळणारा एकच नाही, म्हणून जाब कुणाला विचारायचा हेच ठरत नाही.

वाळूजच्या त्या लाइनवरही अशी गाठ असू शकते. बारांतले काही ठेकेदाराचे असतील तर कागदावर त्यांचा मालक ठेकेदार. “जा, पेरून ये” म्हणणारा मात्र कंपनीचा सुपरवायझर. ठेकेदारानं पगार कापला तर कुणाचं वचन मोडलं? सुपरवायझर म्हणतात कंपनीचं, एचआरवाला म्हणतो कुणाचंच नाही. मला सुपरवायझरांचं पटतं, पण कोर्टात ते कसं टिकेल हे प्रत्येक ठेक्याच्या कागदावर अवलंबून राहील. तेव्हा त्या पानावर ठेकेदाराचीही सही घ्या.