गोष्टी उतरवून देणाऱ्यांना, मनापासून

मंडळी, आजी-आजोबांच्या तोंडून रेकॉर्ड केलेल्या गोष्टींच्या आपल्या पुस्तकाचं शेवटचं प्रूफ काल तपासून झालं. मुख्याध्यापक म्हणून सभेत आभार मानीनच, पण तिथं दोन वाक्यांत उरकावं लागतं, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

१ तासाचं स्वच्छ रेकॉर्डिंग उतरवायलाही सहज ४ ते ६ तास जातात. त्यात बोली, मागे पोरांचा गलका आणि मधेच गाणं असेल तर त्याहून जास्त. तुम्ही नोकरी, घर सांभाळून रात्री कानाला हेडफोन लावून बसलात.

सुरुवातीला मीच सांगितलं होतं, "भाषा जरा शुद्ध करून लिहा." ती माझी चूक होती. चिमणीच्या गोष्टीत आजी म्हणतात, "चालली, चालली, चालली, आन् मंग रान आलं." पहिल्या मसुद्यात त्याचं "ती चालत रानात पोहोचली" झालं होतं. तपासणाऱ्या ताईंनी मला रेकॉर्डिंग ऐकवलं. तिसऱ्या "चालली"ला आजींचा आवाज खाली येतो, दमतो. रानाचं अंतर त्या तीन शब्दांतच होतं, आणि आम्ही ते खोडलं होतं. त्यानंतर आपण दोन फायली ठेवल्या: एकीत जसंच्या तसं, अडखळण्यासकट, दुसरी पुस्तकासाठी, तिच्यात फक्त अडखळणं काढलेलं.

त्याच गोष्टीत एक शब्द लागत नव्हता. पाऊस आला आणि चिमणी कुठेशी बसली. एकाला "अडचणीला" ऐकू आलं, दुसऱ्याला "वळणाला". दोन्ही अर्थाला चालून गेले असते, आणि धोका तिथेच असतो. शब्द वाक्यात बसला की आपण पुन्हा ऐकत नाही. पण तुम्ही अंदाज केला नाहीत. चौकटी कंसात "अस्पष्ट" लिहून मिनिट-सेकंद टाकलेत, आणि तेवढा तुकडा मोबाईलवर घेऊन आजींकडे गेलात. आजी म्हणाल्या, "वळचणीला गं! पावसात चिमणी दुसरीकडं कुठं बसंल?" छपराचा भिंतीबाहेर आलेला काठ. आमच्या सातवीतल्या एकाही मुलाला हा शब्द माहीत नव्हता. आता तो पुस्तकात आहे, खाली टिपेसह.

काही गोष्टी मात्र हातून सुटल्याच. राक्षस "एवढा" होता असं सांगताना आजोबांनी हात किती पसरले, ते आवाजात कुठून येणार? तिथं कंसात "हाताने दाखवतात" एवढंच लिहिता आलं. पुढच्या वेळी एकानं शेजारी बसून हातवारे टिपायचे, हे मी वहीत लिहून ठेवलंय. ऐकणाऱ्यांचे "हं... मग?" हे हुंकार तुम्ही गाळले नाहीत, याचा मला फार आनंद आहे. ते थांबले की सांगणाराही थांबतो, हे रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट कळतं.

छापायला देण्याआधी प्रत्येक गोष्ट सांगणाऱ्याला वाचून दाखवायची आहे. रविवारी आजींकडे जातेय. चिमणीची गोष्ट ज्यांनी उतरवली आणि तपासली, त्यांनी सोबत यावं. वाचायचं तुम्हीच.