टीव्हीचा स्पीकर ठीक आहे, अडचण फाइलमधल्या डीटीएस आवाजाची आहे

★☆☆☆☆ «आईबाबांसाठी 43 इंची टीव्ही घेतला. पेन ड्राइव्हवरचा सिनेमा लावला तर चित्र येतं, आवाज नाही. तीच फाइल माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित वाजते. तुमचा माणूस आला, यूट्यूब लावून दाखवलं, "फाइल खराब आहे" म्हणाला आणि गेला. मग दुसरा .mkv सिनेमा त्याच टीव्हीवर कसा वाजतो? सदाशिव पेठेतल्या दुकानाकडून ही अपेक्षा नव्हती.»

नमस्कार ताई,

आधी आमची चूक सांगतो. तुमची फाइल खराब नाही. आमच्या मुलाने तसं सांगायला नको होतं. त्याने जाताना फाइलची कॉपी आणली होती, ती काल मी स्वतः दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडली. फाइल चालू असताना Ctrl+J दाबलं की `Codec Information` ची खिडकी उघडते. तिथे आवाजाच्या रकान्यात `DTS Audio (dts)` असं आलं, म्हणजे आवाज डीटीएस या प्रकारात भरलेला आहे. तुमच्या टीव्हीच्या माहितीपुस्तकात यूएसबीवरून चालणाऱ्या आवाजाच्या प्रकारांचा तक्ता आहे. त्यात एएसी आहे, डॉल्बी डिजिटल आहे, डीटीएस नाही. घोळ एवढाच आहे.

एमकेव्ही हा नुसता डबा आहे. आत चित्र वेगळं भरलेलं असतं आणि आवाज वेगळा. तुमच्या वाजणाऱ्या सिनेमाच्या डब्यात बहुतेक एएसी किंवा डॉल्बी असणार, या सिनेमाच्या डब्यात डीटीएस आहे. नावाच्या शेवटी दोन्हीकडे .mkv च दिसतं, म्हणून वरून काही कळत नाही. चित्र टीव्हीला उलगडता येतं, ते दिसतं. आवाज उलगडता येत नाही, म्हणून टीव्ही गप्प बसतो. यूट्यूबचा आवाज टीव्हीला झेपणाऱ्या प्रकारातच येतो, त्यामुळे यूट्यूब लावून स्पीकर चांगला आहे एवढंच सिद्ध होतं.

डीटीएस उलगडायची सोय टीव्हीत द्यायची तर कंपनीला त्याच्या मालकांकडून परवाना घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे मोजावे लागतात. काही कंपन्या तो घेत नाहीत. म्हणून घरातला जुना टीव्ही एखादी फाइल वाजवतो आणि नवाकोरा वाजवत नाही, असंही होतं. लॅपटॉपवर आवाज येतो कारण व्हीएलसी डीटीएस स्वतःच उलगडतं, कॉम्प्युटरवर अवलंबून राहत नाही.

अशा वेळी पहिलं काम रिमोटवर करायचं: सिनेमा चालू असताना ऑडिओ ट्रॅक बदलून बघायचा. पुष्कळ फाइलींत दोन ट्रॅक असतात, एक डीटीएस आणि एक डॉल्बी, आणि दुसऱ्यावर गेलं की आवाज सुरू होतो. तुमच्या फाइलीत एकच ट्रॅक आहे, त्यामुळे तो उपाय इथे लागू नाही. टीव्हीवर प्ले स्टोअर असतं तर व्हीएलसी टाकून भागलं असतं, पण या मॉडेलची प्रणाली कंपनीची स्वतःची आहे.

मग मी फाइलमधला फक्त आवाज बदलला. एफएफएमपेग नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात ही एक ओळ दिली:

```
ffmpeg -i cinema.mkv -map 0 -c copy -c:a ac3 -b:a 640k cinema-tv.mkv
```

`-c copy` म्हणजे चित्र आणि सबटायटल जसेच्या तसे उचलायचे. `-c:a ac3` म्हणजे आवाज तेवढा डॉल्बी डिजिटलमध्ये करायचा. चित्राला हात लागत नाही, म्हणून त्याचा दर्जा तसूभरही उतरत नाही आणि काम काही मिनिटांत होतं. पूर्ण व्हिडिओ कन्व्हर्ट करणारी सॉफ्टवेअरं तासन्‌तास घेतात आणि चित्रही थोडं बिघडवतात, ती वापरू नका.

तुमचा सिनेमा 2 तास 20 मिनिटांचा आहे. डीटीएसचा आवाज सेकंदाला सुमारे 1500 किलोबिट होता, म्हणजे एकटा आवाजच दीड जीबीच्या आसपास. डॉल्बी डिजिटलची कमाल 640 आहे, त्यामुळे नवी फाइल जवळपास 900 एमबीने लहान झाली. आवाज थोडा कमी बारकाईचा झाला हे खरं आहे, पण टीव्हीच्या स्पीकरवर तो फरक मला ऐकू आला नाही. मूळ फाइल मात्र पुसू नका, पुढे चांगली साउंड सिस्टीम घेतलीत तर तीच उपयोगी पडेल.

दुकानातल्या याच मॉडेलवर नवी फाइल लावून बघितली, आवाज येतो. ती एका पेन ड्राइव्हवर भरून ठेवली आहे. आज संध्याकाळी मुलगा आईबाबांकडे आणून देईल आणि लावून, आवाज ऐकवूनच निघेल. आणखी अशा फाइली असतील तर त्याच्याकडे द्या, त्याही करून देतो, त्याचे पैसे नाहीत. तरीही डीटीएस चालणाराच टीव्ही हवा असेल तर तसं मॉडेल आमच्याकडे आहे. फरकाची रक्कम भरून बदलून देईन, पण या एका कारणासाठी तो खर्च करू नका असंच मी सांगेन.

टीव्ही विकताना "पेन ड्राइव्हवर काय बघता?" हा प्रश्न आम्ही विचारत नव्हतो, तो आता विचारतो. डेमोच्या पेन ड्राइव्हवरही एक डीटीएसची फाइल ठेवली आहे, म्हणजे कुठल्या टीव्हीवर आवाज येत नाही ते गिऱ्हाइकाला दुकानातच कळेल.