जीमेलचा प्रॉक्सी आहे म्हणून इमेज चालू ठेवायच्या? थांबा जरा

"जीमेल असेल तर ट्रॅकिंग पिक्सेलचं टेन्शन घेऊ नका. २०१३ पासून गूगल सगळ्या इमेज स्वतःच्या सर्व्हरवरून दाखवतं, पाठवणाऱ्याला काही कळत नाही. कळलंच तर मेल उघडला एवढंच कळतं, त्याने काय बिघडतं? फार वाटत असेल तर व्हीपीएन लावा. उगाच इमेज बंद करून बँकेचे मेल मोडून घेऊ नका."

हा मेसेज गेल्या महिन्यात मला तीन ग्रुपवर आला, त्यातल्या एकावर तर ज्याने टाकला तो स्वतः आयटीत आहे. मी दोन गिऱ्हाइकांची न्यूजलेटरं पाठवायचं काम करतो, म्हणजे रोज पलीकडच्या बाजूला बसतो आणि कोणी मेल कधी उघडला हे स्क्रीनवर बघतो, त्यातले निम्म्याहून जास्त पत्ते जीमेलचेच असतात. म्हणून म्हटलं एकेक मुद्दा घेऊच. ट्रॅकिंग पिक्सेल म्हणजे मेलमध्ये टाकलेली न दिसणारी बारीकशी इमेज, ती पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून लोड झाली की मेल उघडल्याचं त्याला कळतं.

२०१३ चं सालही बरोबर आहे आणि प्रॉक्सीही, म्हणजे इमेज तुमच्या वतीने आणणारा गूगलचा तो मधला सर्व्हरही, खरा आहे. पण त्या डिसेंबरात अजून एक गोष्ट झाली ती कोणी सांगत नाही. त्याच्या आधी जीमेलमध्ये बाहेरच्या इमेज आपोआप दिसायच्याच नाहीत, मेलच्या वर एक पट्टी यायची आणि तुम्ही हो म्हटलं तरच लोड व्हायच्या. प्रॉक्सी आणला आणि त्याच्यासोबत गूगलने इमेज डिफॉल्ट चालू केल्या. म्हणजे तुमचा आयपी झाकला गेला हे मान्य, पण आधी जो माणूस पट्टीवर टॅप न करता मेल वाचून टाकायचा आणि पाठवणाऱ्याला दिसायचाच नाही, तो आता दिसायला लागला. ओपन रेट, म्हणजे किती जणांनी मेल उघडला हे, मोजणाऱ्यांचं त्यात नुकसान काय झालं सांगा.

आता काहीच कळत नाही हा भाग. पिक्सेल म्हणजे मेलच्या एचटीएमएलमध्ये अशी एक ओळ असते:

```html
<img src="https://img.example.com/o.gif?id=7f3a91" width="1" height="1" alt="">
```

सगळा खेळ त्या `id` मध्ये आहे. एकच मेल हजार जणांना गेला तर हजार वेगळे आयडी असतात, आणि `7f3a91` म्हणजे तुम्हीच हे पाठवणाऱ्याच्या टेबलात आधीच लिहिलेलं असतं. मग ती इमेज तुमच्या फोनने मागितली काय किंवा तुमच्या वतीने गूगलच्या सर्व्हरने मागितली काय, आयडी तोच पोचतो. मी स्वतःच्या सर्व्हरवर असा पिक्सेल ठेवून स्वतःच्याच जीमेलला मेल पाठवला आणि फोनवर उघडला, तर लॉगमध्ये हे आलं (आयपी गाळलाय):

```
"GET /o.gif?id=7f3a91" 200 "Mozilla/5.0 (Windows NT 5.1; rv:11.0)
Gecko Firefox/11.0 (via ggpht.com GoogleImageProxy)"
```

गंमत बघा, माझा फोन अँड्रॉइड आणि लॉगमध्ये मी विंडोज एक्सपीवर जुनाट फायरफॉक्स वापरतोय. म्हणजे प्रॉक्सी त्याचं काम चोख करतो: कुठला फोन ते कळलं नाही, माझा आयपी गेला नाही, कुकी गेली नाही. पण कोणाचा मेल आणि किती वाजून किती सेकंदांनी उघडला, हे दोन्ही जसंच्या तसं पोचलं.

आणि हा प्रॉक्सी जीमेलच्या स्वतःच्या ॲपमध्ये आणि वेबवरच आहे, हे त्या मेसेजमधून पूर्ण गळलंय. तेच जीमेल खातं तुम्ही दुसऱ्या मेल ॲपमध्ये जोडलं असेल तर इमेज ते ॲप स्वतः आणतं, मधे गूगल नाही, मग बऱ्याच ॲपमध्ये खरा आयपी जातो. मोबाईल डेटावर असाल तर त्यातून जागा धड कळत नाही, साताऱ्यात बसलेला माणूस मुंबईत दिसतो, पण ऑफिसच्या नेटवर असाल तर बऱ्याचदा कंपनीचं नावच निघतं.

आता ते "त्याने काय बिघडतं". मी घरावर सोलर बसवायचं म्हणून एका डीलरकडून कोटेशन मागवलं होतं. रात्री अकरा चाळीसला मेल उघडला, मग परत एकदा बघितला, आणि नाशिकच्या मेहुण्याला फॉरवर्ड केला कारण त्याने आधीच बसवलंय. सकाळी सव्वानऊला डीलरचा फोन, "सर काल तीनदा बघितलंत, मग फायनल करूया का?" मी पाच टक्के कमी करा म्हणालो तर गडी हलेना, का हलेल, त्याला माहितीये हा माणूस रात्री पाऊण वाजेपर्यंत आपलंच कोटेशन बघत बसलाय. त्या तीनातलं एक उघडणं मेहुण्याचं होतं, फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये पिक्सेल तसाच राहतो आणि माझ्याच आयडीखाली मोजला जातो. (पहिलं उघडणं कळतंच. पुढची कळतात की नाही हे गूगलने इमेज साठवून ठेवली का यावर असतं, पण पाठवणाऱ्याचा सर्व्हर साठवू नको असं सांगू शकतो आणि ट्रॅकिंगवाले तेच सांगतात.)

फॉरवर्डचा हा गुण आधीही वापरला गेलाय, आणि सोलरपेक्षा बऱ्याच गंभीर कामाला. २००६ मध्ये एचपी कंपनीच्या संचालक मंडळातल्या बातम्या बाहेर कोण देतंय हे शोधायला कंपनीच्या तपास करणाऱ्यांनी CNET या टेक बातम्यांच्या साइटच्या पत्रकार डॉन कावामोटो यांना खोट्या नावाने मेल पाठवला आणि त्याच्या अटॅचमेंटला ट्रॅकर लावला. बाईंनी तो आपल्या सोर्सला पुढे पाठवला तर तिथे उघडल्याचं कळेल, असा हिशोब. ते प्रकरण अमेरिकन काँग्रेसच्या सुनावणीपर्यंत गेलं.

शिवाय उघडल्याचं फक्त पाठवणाऱ्यालाच कळतं असंही नाही. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूजलेटरं आणि जाहिरातींचे साडेबारा हजार मेल तपासले होते, त्यातले सुमारे २९ टक्के मेल नुसते उघडल्यावर मेल पत्ता किंवा त्याचा हॅश किमान एका तिसऱ्याच कंपनीला जात होता. हॅश म्हणजे पत्त्यावरून बनवलेला ठराविक आकडा, एकाच पत्त्याचा सगळीकडे सारखाच येतो, त्यामुळे दोन कंपन्यांना आपापल्या याद्या जुळवायला तो पुरतो. हा पत्ता इमेजच्या लिंकमध्येच लिहिलेला असेल तर गूगलचा प्रॉक्सी तो तसाच पुढे देतो, कारण लिंक बदलली तर इमेजच येणार नाही.

व्हीपीएनवर फार लिहायला नको. तो आयपी बदलतो आणि जीमेलमध्ये आयपी आधीच झाकलेला आहे. आयडी लिंकमध्ये आहे, त्याला व्हीपीएन हात लावत नाही. इन्कॉग्निटोचंही तेच.

मग करायचं काय. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये गिअर, मग `See all settings`, `General` टॅबमध्ये `Images` समोर `Ask before displaying external images` निवडायचं आणि पार खाली जाऊन `Save Changes` दाबायचं. हे शेवटचं दहातले पाच जण विसरतात आणि मग म्हणतात सेटिंग चालत नाही. फोनच्या ॲपमध्ये `Settings`, तुमचं खातं, मग `Images` मध्ये तोच पर्याय आहे. ॲपमध्ये दोन-तीन खाती असतील तर प्रत्येक खात्यात जाऊन बघा. यानंतर मेलच्या वर जुनी पट्टी परत येते. तिथे `Display images below` दाबलं तर तेवढ्या मेलपुरतं, पण शेजारचं `Always display images from` घाईत दाबलं तर त्या पाठवणाऱ्याला कायमची परवानगी.

आयफोनवाल्यांसाठी वेगळं. ॲपलच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये २०२१ पासून, म्हणजे आयओएस १५ पासून, `Protect Mail Activity` आहे. तो सगळ्या इमेज ॲपलच्या मधल्या सर्व्हरमार्फत मागच्या मागे आणून ठेवतो, तुम्ही मेल उघडा नाहीतर नका उघडू. म्हणजे पाठवणाऱ्याला सगळेच मेल उघडलेले दिसतात आणि त्याच्या आकड्याला अर्थ राहत नाही (माझ्या गिऱ्हाइकांना हे समजावताना नाकी नऊ येतात, त्यांना वाटतं न्यूजलेटर हिट झालं). पण आयफोनवर जीमेलचं ॲप वापरत असाल तर हे संरक्षण नाही, तिथे वरचंच सेटिंग करावं लागतं. थंडरबर्ड बाहेरच्या इमेज मुळातच अडवतं, तिथे फक्त कोणी हौसेने चालू केलंय का तेवढं बघा.

पिक्सेल शोधून तेवढाच अडवायचा असं पण काही जण सुचवतात. जीमेलमध्ये तीन टिंबांवर `Show original` मध्ये मेलचा सोर्स दिसतो, हौस म्हणून जरूर बघा. पण तिथे `width="1"` शोधलं आणि सापडलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. एक तर तिथे ते बऱ्याचदा `width=3D"1"` असं लिहिलेलं असतं, किंवा पूर्ण मजकूरच बेस६४ मध्ये असतो. आणि मुख्य म्हणजे इमेज एक बाय एक असायलाच पाहिजे असं कुठे आहे? कंपनीच्या मोठ्या लोगोच्या लिंकलाही आयडी जोडता येतो, काम तेच. म्हणून निवडून अडवण्यापेक्षा सगळ्याच बाहेरच्या इमेज अडवलेल्या बऱ्या.

राहिले बँकेचे मेल. ओटीपी, व्यवहाराची रक्कम, खात्याचे शेवटचे चार आकडे, हे सगळं मजकुरात असतं, स्टेटमेंट पीडीएफ म्हणून जोडलेलं असतं. इमेज अडवल्यावर जातो तो लोगो आणि खालची कर्जाची जाहिरात. मेलसोबतच जोडून आलेले फोटो तर यात अडतच नाहीत, कारण ते बाहेरून आणावे लागत नाहीत. खरंच मोडतात ते सेलचे मेल, ज्यांच्यात अख्खं पानच एक इमेज असतं, तिथे रिकामी चौकट दिसते. माझं त्यावाचून अजून तरी काही अडलेलं नाही.

एक मर्यादा मात्र या सेटिंगलाही आहे. सेटिंग बदलल्यावर मी तोच प्रयोग परत केला, नवीन आयडीने मेल पाठवला, फोनवर उघडला, दोनदा वाचला, लॉग रिकामा. मग मेलमधल्या लिंकवर टॅप केलं, त्या लिंकलाही मी आयडी लावला होता, जसा सगळेच लावतात. लॉगमध्ये लगेच ओळ आली, आणि यावेळी विंडोज एक्सपी वगैरे काही नाही, माझा अँड्रॉइड, माझं क्रोम आणि माझ्या घरच्या वायफायचा आयपी.