एकट्यासाठी पाच किलोची कणीक कशाला?

"एकटे राहत असलात तरी महिन्याचा किराणा मोठ्या पॅकमध्येच भरा. किलोमागे स्वस्त पडतो, कोरडा माल खराब होत नाही आणि भाजी फ्रीजमध्ये राहतेच."

हा सल्ला नेहमी ऐकू येतो, पण मला तो पटत नाही. आधी स्वस्ताई, आणि तीही कणकेवरून. पुण्यात एका खोलीत मी एकटी राहते. रात्री तीन पोळ्या करते. पोळीला साधारण 30 ग्रॅम कणीक धरली तर दिवसाला 90 ग्रॅम, म्हणजे पाच किलोची पिशवी 55 दिवस चालते. समजा ती 250 रुपयांना मिळते आणि एक किलोची 58 ला. पाच किलोमागे 40 रुपये वाचले. जुलैत मी तशीच पिशवी आणली. पाचव्या आठवड्यात डब्याच्या कडेला पिठाचे गोळे दिसले, त्यांत बारीक जाळी धरलेली. उरलेली दोन किलो टाकली, म्हणजे 100 रुपये गेले. आता मी गहू ठेवते आणि दोन किलोच दळून आणते. तीन आठवडे ते पुरतं.

कोरडा माल सगळा एकसारखा नसतो. तांदूळ, तूरडाळ घट्ट झाकणाच्या डब्यात महिनोन्‌महिने राहतात, तिथे मोठा पॅक घ्यायला माझी हरकत नाही. पण दाणा दळला किंवा कुटला की त्यातलं तेल हवेला लागतं आणि तो खवट व्हायला लागतो. म्हणून शेंगदाणे अख्खे आणावेत, कूट आठवड्यापुरतंच करावं. रवा पाव किलो घ्यावा आणि आणल्या दिवशीच कोरडा भाजून, गार करून भरावा. नाहीतर पावसाळ्यात त्यात अळ्या होतात. तेलाचंही तसंच. मला महिन्याला अर्धा लिटर लागतं, पाच लिटरचा कॅन दहा महिने उघडा राहील. त्यावरची तारीख न उघडलेल्या कॅनची असते, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. वाण्याकडे छोटी पिशवी मिळते ती घ्यायला संकोच कसला?

राहिला फ्रीज. छोटा फ्रीज गच्च भरला की गार हवा फिरत नाही आणि मागे ढकललेली पालकाची जुडी सडल्यावरच सापडते. कांदे-बटाटे तर त्यात ठेवूच नयेत. ते टोपलीत, हवेशीर आणि एकमेकांपासून लांब बरे. कोथिंबीर न धुता, निवडून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवली तर आठवडाभर ताजी राहते. पालेभाजीची एकच जुडी आणावी आणि ती दोन दिवसांत संपवावी. पुढच्या दिवसांसाठी गाजर, बीट, कोबी. कोबीचा लहान गड्डा निवडा आणि तो अर्धा चिरू नका. बाहेरून लागतील तेवढीच पानं सोला. चिरलेली बाजू काळी पडते, आतला न चिरलेला गड्डा दोन आठवडे सहज टिकतो.